डेरिव्हेटिव्हच्या जागी गुणाकार

तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा विद्युतदाब हळूहळू बदलतो, पण त्यात वीजपुरवठ्याची 50 हर्ट्झची गुणगुण मिसळते. ती दाबण्यासाठी 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडतात आणि कपॅसिटरच्या दोन टोकांमधला दाब वाचतात. या दाबात गुणगुण किती उरेल?

आत येणारा दाब u(t) आणि कपॅसिटरवरचा दाब v(t) मानू. रेझिस्टरमधून (u − v)/R इतका प्रवाह वाहतो आणि तोच कपॅसिटर भरतो, म्हणजे तो C·v′ इतका असतो. दोन्ही समान ठेवले की समीकरण मिळते:

RC·v′ + v = u

इथे RC = 0.01 सेकंद. अडचण v′ ची आहे. एखाद्या क्षणीचा v′ काढायचा तर आसपासच्या क्षणांचा v ठाऊक हवा, त्यामुळे साध्या भागाकाराने v वेगळा काढता येत नाही.

मात्र काही फलनांना ही अडचण नसते. e^(iωt) चा डेरिव्हेटिव्ह iω·e^(iωt) येतो, म्हणजे तेच फलन, फक्त iω ने गुणलेले. म्हणून कोणताही संकेत अशा फलनांची बेरीज म्हणून मांडला, तर प्रत्येक घटकापुरता डेरिव्हेटिव्ह हा निव्वळ गुणाकार ठरतो. संकेतात कोणत्या वारंवारतेचा घटक किती आहे, ते फूरिये रूपांतर सांगते:

V(ω) = ∫ v(t)·e^(−iωt) dt

हे संकलन −∞ पासून ∞ पर्यंत करायचे. आता v च्या जागी v′ ठेवू आणि इंटिग्रेशन बाय पार्ट्स वापरू. दोन पदे येतात. पहिले पद v·e^(−iωt) ची दोन्ही टोकांची किंमत. v दोन्हीकडे शून्याकडे जात असेल, तर हे पद नाहीसे होते. दुसऱ्या पदात डेरिव्हेटिव्ह v वरून e^(−iωt) वर सरकतो, तिथून −iω बाहेर येतो आणि सूत्रातल्या वजा चिन्हामुळे तो +iω होतो. म्हणजे v′ चे रूपांतर iω·V(ω). यातला ω सांगतो की जलद लाटेचा चढ तेवढाच तीव्र असतो. i सांगतो की चढाची लाट मूळ लाटेच्या 90 अंश पुढे धावते.

हे मूळ समीकरणात घालू:

(1 + iωRC)·V = U, म्हणून V = U / (1 + iωRC)

डेरिव्हेटिव्ह गेला, भागाकार उरला. प्रत्येक वारंवारतेसाठी हे वेगळे, स्वतंत्र समीकरण आहे. 50 हर्ट्झला ω = 2π × 50, म्हणजे सुमारे 314, आणि ωRC सुमारे 3.14. भाजकाचा मापांक √(1 + 3.14²), म्हणजे जवळपास 3.3. म्हणून गुणगुणीचा सुमारे 30 टक्केच भाग उरतो आणि तोही 72 अंश मागे पडतो. सेकंदाला एकदा होणाऱ्या बदलासाठी ωRC फक्त 0.063 आहे, त्यामुळे तो 99.8 टक्के शाबूत राहतो. ω च्या जागी चुकून हर्ट्झमधला आकडा घातला, तर 50 हर्ट्झसाठी 89 टक्के असे उत्तर येते. उत्तर इतके बिनसलेले दिसले, तर आधी 2π तपासावा.

मघाशी नाहीसे झालेले टोकाचे पद मात्र विसरून चालत नाही. समजा t = 0 ला कपॅसिटर 5 व्होल्टपर्यंत भरलेला आहे आणि त्यानंतर u शून्य आहे. वरचे सूत्र तसेच वापरले तर V = 0, म्हणजे कपॅसिटरवर कधीच दाब नव्हता, असे उत्तर मिळते. ते उघडच चूक आहे. संकलन 0 पासून सुरू केले की खालचे टोक −v(0) हे पद देते आणि v′ चे रूपांतर iωV − v(0) असे होते. मग

V = RC·5 / (1 + iωRC)

हे रूपांतर 5·e^(−t/RC) या फलनाचे आहे. म्हणजे 0.01 सेकंदाने दाब 1.84 व्होल्टवर उतरतो. लाप्लास रूपांतरात iω च्या जागी s असतो आणि −v(0) हे पद नियमातच धरलेले असते. त्यामुळे सुरुवातीची स्थिती दिलेली असते तेव्हा अभियंते तेच वापरतात.

या साऱ्याला आणखी एक अट आहे. R आणि C काळानुसार किंवा दाबानुसार बदलता कामा नयेत. रेझिस्टरच्या जागी डायोड आला, तर प्रवाह दाबाच्या प्रमाणात राहत नाही, वेगवेगळ्या वारंवारता एकमेकींत मिसळतात आणि प्रत्येकीसाठी वेगळे समीकरण मांडता येत नाही. म्हणून भागाकार करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: गुणक स्थिर आहेत का, आणि सुरुवातीला v किती होता.