हरवलेलं चॅट मैत्रिणीकडून कसं मागवाल?

दोन बालमैत्रिणी. एक साताऱ्यात, दुसरी न्यू जर्सीत. साताऱ्याच्या मैत्रिणीने २०१९ साली आपल्या आईच्या ओव्या व्हॉट्सअ‍ॅपवर बोलक्या निरोपांतून परदेशी पाठवल्या होत्या. आता आई नाही, फोन बिघडला आणि बॅकअपही घेतलेला नव्हता. असा प्रसंग कुणावरही येऊ शकतो, म्हणून यातून वाट कशी काढायची ते सविस्तर पाहू.

निरोप पोचला की व्हॉट्सअ‍ॅप तो आपल्या सर्व्हरवर ठेवत नाही. त्यामुळे कंपनीकडे मागून काही मिळत नाही. संभाषणाची एक प्रत आपल्या फोनमध्ये असते आणि दुसरी समोरच्याच्या. आपण फक्त स्वतःपुरतं पुसलेलं असेल, तर समोरच्याकडे ते शाबूत राहतं. दोघांसाठी पुसलेले किंवा आपोआप नाहीसे होणारे निरोप मात्र दोन्हीकडून जातात. तेव्हा मैत्रिणीकडची प्रत हाच खरा आधार.

मागताना नुसतं ‘आपलं जुनं चॅट पाठव’ म्हटलं तर स्क्रीनशॉट येतात किंवा आवाज वगळून कोरा मजकूर येतो. म्हणून नेमकं काय हवं आणि कसं काढायचं, ते निरोपातच लिहावं. उदाहरणार्थ:

‘अगं, आईच्या ओव्या तुला पाठवल्या होत्या ना, त्या माझ्या फोनमधून गेल्या. तुझ्याकडे असतील. आपलं चॅट उघड, वरचे तीन ठिपके दाब, More मध्ये Export chat आहे, तिथे Include media निवड. आयफोन असेल तर चॅटमध्ये वर माझ्या नावावर बोट ठेव आणि अगदी खाली जा. तयार झालेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरच डॉक्युमेंट म्हणून पाठव. तुझं काही खासगी असेल तर आधी बघून घे, मला फक्त २०१९ च्या ओव्या हव्यात. मिळेपर्यंत जुनं काही पुसू नकोस हं.’

शेवटची दोन वाक्यं विसरू नयेत. एक्स्पोर्ट झालेली फाइल साधा मजकूर असते, ती कुणीही उघडून वाचू शकतं आणि तिच्यात मैत्रिणीचेही शब्द असतात. ते द्यायचे की नाही, हे तिनेच ठरवायचं. संभाषणावर Advanced chat privacy लावलेलं असेल तर एक्स्पोर्ट होतच नाही, आधी ते बंद करावं लागतं.

फाइल आली की पहिली तारीख बघा. व्हॉट्सअ‍ॅपने सांगितलेली मर्यादा अशी, की फोटो-आवाजासह अलीकडचे सुमारे १०,००० निरोप निघतात आणि त्यांच्याशिवाय सुमारे ४०,०००. रोज गप्पा मारणाऱ्या मैत्रिणींची फाइल त्यामुळे २०२२ पासूनच सुरू झाली, असं होऊ शकतं. मग फक्त मजकुराची दुसरी फाइल मागवा. तिच्यात आवाजाच्या जागी <Media omitted> एवढंच दिसेल, पण ओवी कोणत्या दिवशी पाठवली ते कळेल.

इथे तारखेची गफलत होते. फाइलमधली वेळ एक्स्पोर्ट करणाऱ्या फोनची असते. साताऱ्यातून ५ मार्च २०१९ रोजी रात्री साडेनऊला पाठवलेली ओवी न्यू जर्सीच्या फाइलमध्ये सकाळी अकराची दिसेल आणि तारीख 3/5/19 अशी, म्हणजे अमेरिकी पद्धतीने आधी महिना. आपण ती ३ मे समजून बसलो तर भलत्याच दिवसाचा शोध सुरू होतो.

खरी तारीख कळली की मैत्रिणीला तेवढाच निरोप शोधून फॉरवर्ड करायला सांगा. तिच्याकडे अँड्रॉइड असेल तर फाइल मॅनेजरमध्ये WhatsApp Voice Notes हे फोल्डर असतं. त्यात आठवड्यागणिक कप्पे असतात, त्यांची नावं वर्ष आणि आठवडा जोडून होतात. ५ मार्च २०१९ साठी 201910 हा कप्पा बघायचा. तिने जागा मोकळी करायला त्या फाइली पुसल्या असतील, तर मजकूर राहतो आणि आवाज जातो.

ही फाइल पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपमध्ये भरता येत नाही. म्हणून आवाजाच्या फाइली वेगळ्या काढा, प्रत्येकीला तारीख आणि गाणाऱ्याचं नाव द्या आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. मैत्रिणीचा फोन बदलला, बिघडला किंवा साफ झाला तर दुसरी प्रतही संपते. तेव्हा मागायचं असेल तर आजच मागा.