‘सांगतो’ म्हणाले, पुढे काय लिहायचं?

समजा, बिद्रीतल्या एका कृषी सेवा केंद्रात हिशेबाच्या कामासाठी गुरुवारी मुलाखत झाली. मालक म्हणाले, “सोमवारपर्यंत सांगतो.” सोमवार गेला, फोन आला नाही. बहुतेक मुलं इथं ठरवून टाकतात की नकार आला, आता विचारलं तर लाचार दिसू.

हा पहिला गैरसमज. कंपनीत उमेदवारांची यादी ठेवायला वेगळा माणूस असतो. दुकानात मालकच खताची गाडी उतरवून घेतो, उधारी वसूल करतो आणि पॉस मशीनवर शेतकऱ्याचं आधार पडताळून अनुदानित खत देतो. मुलाखतीला आलेल्याचा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये नावानिशी साठवलेलाही नसतो. त्यामुळे मौनाचा अर्थ नकार असेलच असं नाही. मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, एक संदेश पाठवावा.

दुसरा गैरसमज भाषेचा. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहिलं की वजन पडतं, असं वाटतं. ती सरकारी अर्जाची भाषा आहे; काउंटरवर उभ्या माणसाला त्यातून तुम्ही कोण हे कळत नाही. ‘आपण’ही इथं अडचण करतो. ‘आपण गुरुवारी बोललो’ म्हणजे दोघं बोललो, हे ठीक. पण ‘आपल्या दुकानात काम करायला आवडेल’ यातलं दुकान त्यांचं की दोघांचं? ‘तुमच्या दुकानात’ म्हणण्यात अनादर नाही. मुलाखतीत ‘दादा’ म्हणाला असाल तर लिहितानाही दादाच. एकदम ‘महोदय’ झालात की परके वाटता.

मी असं लिहीन:

“नमस्कार दादा. गुरुवारी दुपारी हिशेबाच्या कामासाठी भेटायला आलो होतो, मुदाळचा, बी.कॉम. झालेला. तुम्ही सोमवारपर्यंत सांगतो म्हणाला होतात. पॉस मशीन मी चालवलेलं नाही, पण शिकेन. टॅलीवर खरेदी-विक्रीच्या नोंदी करता येतात. १ तारखेपासून येऊ शकतो. काय ठरलं ते सवडीनं कळवाल का?” खाली पूर्ण नाव.

यात ओळख पटवणारी खूण आधी येते, मग त्यांचाच शब्द, मग मुलाखतीत अडलेल्या पॉस मशीनच्या प्रश्नाचं खरं उत्तर. पगाराचा विषय नाही, तो समोरासमोर बोलायचा. ‘कळवा’ हा हुकूम वाटतो आणि ‘कळवावे ही नम्र विनंती’ पुन्हा अर्ज होतो. ‘कळवाल का?’ला मात्र एका शब्दात उत्तर देता येतं.

व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही, तर लगेच फोन करू नये. बी-बियाण्यांचा जूनमधला हंगाम असेल तर संदेश वाचून बाजूला राहणं साहजिक आहे. पाच-सहा दिवसांनी दुसरी ओळ पुरे: “दादा, मागच्या मंगळवारी विचारलं होतं. जागा भरली असेल तरी सांगा.” त्यालाही उत्तर नसेल तर एकदा दुपारी दुकानातच जावं. काउंटरवर नवा मुलगा वही लिहीत बसलेला दिसला, तर विचारायची गरजच उरत नाही.