मेगापिक्सेलला भुलू नका

बारा हजारांच्या फोनवरही 50 मेगापिक्सेल लिहिलेलं असतं आणि तीस हजारांच्याही. मग जास्तीचे पैसे कशाचे? बरेचसे सेन्सरच्या आकाराचे. असे कॅमेरे एरवी शेजारचे चार पिक्सेल जोडून एक करतात. म्हणजे हाती येतो साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो. स्वस्त फोनमध्ये सेन्सर बऱ्याचदा 1/2.76 इंची असतो, मधल्या किमतीत 1/1.56 इंचीही मिळतो. क्षेत्रफळ जवळपास तिप्पट! उन्हात फरक फारसा कळत नाही. पण रात्री ट्यूबलाइटखाली पळणाऱ्या पोराचा फोटो काढून बघा: लहान सेन्सरवर चेहरा फिस्कटतो, केसांचा नुसता काळा गोळा होतो.

मधल्या गटात ओआयएस, म्हणजे भिंग हलवून हाताची थरथर सावरणारी सोय, असेल तर हजार-दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही. पळणारं पोर मात्र त्याने थांबत नाही. 2 मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा निव्वळ खोगीरभरती.

महागड्या फोनमध्ये पैसे वसूल होतात ते स्वतंत्र टेलिफोटो भिंगामुळे. तिथेही ‘100 पट झूम’वर जाऊ नका, ऑप्टिकल झूम किती पट, तेवढंच दुकानदाराला विचारा.