रेनकोट कुठून गळतो?

आपला नांदगाव तालुका कमी पावसाचा. पण परतीचा पाऊस एकदा धरला, की आडोसा शोधायलाही सवड देत नाही. पूर्वी आपण पोत्याची खोळ करून डोक्यावर घ्यायचो. आता पोरं मोटारसायकलवर फिरतात, आणि रेनकोट मोबाइलवरून मागवतात.

माझा पुतण्या कामाला रोज मनमाडला जातो. दोन वर्षांपूर्वी त्यानं असाच एक रेनकोट मागवला. कोट आणि विजार मिळून नऊशे रुपये पडले. कापड जाड होतं, रंगही छान होता. घडी न मोडता त्यानं तो ठेवून दिला. महिन्याभरानं मोठा पाऊस आला, तेव्हा घातला. घरी आला तर खांदे कोरडे, पाठ कोरडी, पण मांड्या आणि बूड चिंब भिजलेलं. खिशातला सातबाराचा कागद लगदा झाला होता. परत करायची मुदत सात दिवसांची. ती केव्हाच सरली होती.

मी तो रेनकोट उलटा करून पाहिला. कापडाला कुठे भोक नव्हतं. मग पाणी शिरलं कुठून?

शिवणीतून. कापडावर आतून रबरासारखा पातळ लेप असतो. त्यातून पाणी जात नाही. पण शिवताना सुई प्रत्येक टाक्याला एक भोक पाडते. ही अडचण फार जुनी आहे. 1823 साली चार्ल्स मॅकिंटॉश या गृहस्थांनी विलायतेत दोन कापडांच्या मध्ये रबर घालून पाणी न शिरणारं कापड केलं. शिंप्यांनी त्याचे कोट शिवले, आणि सुईच्या भोकांतून पाणी आत आलं!

यावर उपाय म्हणजे शिवणीवर आतून चिकटवलेली पट्टी. चांगल्या रेनकोटात प्रत्येक शिवणीवर बोटभर रुंदीची गुळगुळीत पट्टी असते. पुतण्याच्या विजारीत ती मांड्यांच्या मधल्या शिवणीवर नव्हती. मोटारसायकलवर बसलं, की नेमकं तिथंच पाणी साचतं. उभ्या माणसाच्या अंगावरून पाणी ओघळून जातं. बसलेल्याच्या मांडीत त्याचं डबकं होतं.

पुढच्या वर्षी दुसरा रेनकोट मागवला. मोबाइलवर दोन शब्द दिसतात. 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे शिरव्यापुरता टिकणारा. 'वॉटरप्रूफ' म्हणजे पाणी न शिरणारा. आम्ही दुसरा पाहून घेतला. पण नुसत्या शब्दावर विसंबलो नाही. आला त्याच दिवशी परीक्षा केली. चिठ्ठी तोडली नाही.

परीक्षा सोपी आहे. मांड्यांच्या मधली शिवण दोन्ही हातांनी धरून खळगा करा. लेपाची बाजू खाली ठेवा. खळग्यात लोटाभर स्वच्छ पाणी ओता आणि दहा मिनिटं थांबा. मग खालून कोरडा हात फिरवा. हात ओला झाला, तर मुदतीच्या आत माल परत करा. तशीच खांद्याची शिवण पाहा. चेनीवर झाकणारी पट्टी आहे का, तेही पाहा. चेनीच्या दातांतूनही पाणी शिरतं. नंतर कोट सावलीत वाळवा.

मापही उभं राहून घेऊ नका. रेनकोट नेहमीच्या कपड्यांवर घाला, गाडीवर बसा आणि मूठ धरा. हात पुढे गेला, की बाही चार बोटं वर सरकते. मनगट उघडं पडलं, तर पाणी थेट कोपरापर्यंत जातं. विजारही गुडघा वाकला की वर चढते. म्हणून पुतण्यानं या वेळी एक माप मोठं घेतलं.

दुसऱ्या रेनकोटाची खरी कसोटी सप्टेंबरात लागली. मनमाडहून येताना पाऊण तास धो धो पाऊस. मांडी कोरडी राहिली. पण पाठ ओली! पुतण्या म्हणाला, "काका, हाही गळतो." मी सदरा पाहिला. गळती असती, तर ओल शिवणीच्या रेषेत दिसली असती. इथं तर सगळी पाठ आणि काखा सारख्याच दमट होत्या. तो घाम होता. जो लेप बाहेरचं पाणी अडवतो, तो आतली वाफही कोंडतो. पाठीवर झाकणाखाली जाळी असेल, तर घाम थोडा कमी होतो, पुरता जात नाही.

एक उणीव मात्र राहिली. खिशावरचं झाकण आखूड, म्हणून खिशात पाणी शिरलं. या खेपेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, म्हणून वाचला.

आता तो रेनकोट घरी आला, की दोरीवर सावलीत वाळतो. ओला असताना घडी घालून डिकीत कोंबला, तर लेप चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. मग शिवणीची पट्टी कितीही चांगली असो, कापडच गळायला लागतं.