आवाजावर आवाजाचाच उतारा

टेबलावर दोन छोटे स्पीकर एकमेकांकडे तोंड करून ठेवलेले. दोघांनाही एकाच अँप्लिफायरमधून १०० हर्ट्झचा सूर दिलेला, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनं. खोलीत घुंऽऽ असा जाड घुमारा भरून राहतो. आता एकाच स्पीकरच्या लाल आणि काळ्या वायरींची अदलाबदल करायची आणि दोन्ही तोंडं बोटभर अंतरावर आणायची. घुमारा एकदम बसतो. पडद्याला हलकेच बोट लावलं तर दोन्ही स्पीकर अजून थरथरताहेत हे कळतं, पण आवाज जवळजवळ गेलेला असतो.

प्रस्तुत लेखकाने हा प्रयोग आजवर कितीतरी जणांना करून दाखवला आहे. त्याचा दुसरा भाग मात्र फार थोडे लोक करून बघतात. वायरी तशाच ठेवायच्या आणि सूर १०० वरून ३००० हर्ट्झवर न्यायचा. शिट्टीसारखा तो आवाज काही केल्या बसत नाही. डोकं थोडं इकडेतिकडे हलवलं की कुठे कमी, कुठे जास्त, एवढंच. नॉइज कॅन्सलिंग हेडफोनचं सगळं यश आणि सगळी मर्यादा या दोन सुरांमधल्या फरकात आहे.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर कल्पना जुनी आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पॉल ल्यूग यांना तिचं अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळालं. १९७८ मध्ये युरोपातून बॉस्टनला परतताना अमर बोस यांना विमानात मिळालेल्या हेडफोनमध्ये घरघरीपुढे संगीत ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच गणित मांडायला घेतलं. त्यातून १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला आणि २०००च्या सुमारास प्रवाशांसाठीचे हेडफोन.

मधला एक प्रयत्न मात्र थांबून बघण्यासारखा आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या विल्यम कोनोव्हर यांनी विजेच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण स्पीकर लावून खोडायचं ठरवलं. ट्रान्सफॉर्मर का गुणगुणतो? चुंबकत्वामुळे त्याच्या आतला लोखंडी गाभा विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा किंचित ताणला जातो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सोसायटीच्या मागचा ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर गुणगुणतो, तिकडे ६० हर्ट्झची, म्हणून १२० वर. एवढा संथ आणि एकसुरी आवाज म्हणजे खोडायला अगदी सोपा. तो खोडला गेलाही, पण एका अरुंद पट्ट्यापुरता. पट्ट्याबाहेर सरकलं की दोन लाटा एकमेकींना मारायच्या ऐवजी भर घालू लागत.

हेडफोनमध्ये हीच अडचण सुटते, कारण शांतता कानाच्या बोगद्याच्या तोंडाशीच हवी असते. १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर. एवढ्या लांब लाटेसमोर कानावरची वाटी म्हणजे एक ठिपका. वाटीतल्या हवेचा दाब एका क्षणी सगळीकडे जवळपास सारखाच असतो, त्यामुळे वाटीतल्या माइकजवळ जे खोडलं गेलं ते कानाच्या पडद्यापाशीही खोडलं जातं. ५००० हर्ट्झची लाट फक्त सात सेंटिमीटरची. तिच्या दृष्टीने वाटी मोठी खोली आहे आणि माइकला जे जाणवतं ते पडद्याला जाणवेलच असं नाही.

आता खरा मुद्दा, वेळेचा. फेज उलटवणं म्हणजे लाट अर्ध्या आवर्तनाने उशिरा सोडणं, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. उलटवणं म्हणजे जिथे हवा दाबली जाते तिथे ती ओढणं, आणि ओढली जाते तिथे दाबणं. ते वायरींच्या अदलाबदलीने सगळ्या सुरांसाठी एकदम होतं. घोळ होतो तो उलटवण्यात नव्हे, पोचण्यात. बाहेरच्या माइकने आवाज टिपायचा, सर्किटने उलटा आकार तयार करायचा, स्पीकरचा पडदा हलायचा. माइकपासून कानाच्या भोकापर्यंत तीन-चार सेंटिमीटर अंतर, आणि ते ओलांडायला आवाजाला सेकंदाचा दहा हजारावा भाग पुरतो. सर्किटला मिळणारी सवड तेवढीच.

समजा, आवाज पोचल्यावर उलटी लाट आणखी दहा हजाराव्या भागाने उशिरा आली. १०० हर्ट्झच्या लाटेचं एक आवर्तन या वेळेच्या शंभरपट लांब असतं, त्यामुळे उशीर झाल्याचं जवळपास कळतच नाही. शंभर हिस्से दाबापैकी सहा हिस्से उरतात. तेवढाच उशीर १००० हर्ट्झवर झाला तर बासष्ट हिस्से उरतात. १६०० हर्ट्झच्या थोडं वर गेलं की पूर्ण शंभर, म्हणजे सगळी खटपट असून नसल्यासारखी. आणि ५००० हर्ट्झवर उशीर बरोबर अर्ध्या आवर्तनाचा होतो. उलटवलेली लाट पुन्हा सुलटी होऊन येते आणि आवाज दुप्पट करते! म्हणूनच बनवणारे वरच्या सुरांत ही यंत्रणा हात आखडून वापरतात. साधारण १००० हर्ट्झच्या वरचं काम वाटीभोवतीची मऊ गादी करते. ती बारीक आवाज छान अडवते, पण जाड घरघर तिच्यातून आरपार जाते. दोघी मिळून एक काम पुरं करतात.

एकसुरीपणाचा फायदा याच उशिराशी जोडलेला आहे. दोन पात्यांच्या प्रोपेलरचं छोटं विमान घ्या. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ४०, आणि दर फेऱ्याला दोन पाती हवा कापतात, म्हणून ८० हर्ट्झचा ठोका. या क्षणाची लाट मागच्या लाटेसारखीच असल्याने पुढच्या लाटेचा आकार सर्किटला आधीच ठाऊक असतो आणि उशीर भरून काढता येतो. ताट पडलं, दार आपटलं, तर मागची लाटच नसते.

घरी पडताळायचं असेल तर हेडफोन कानावर ठेवून, यंत्रणा चालू-बंद करत समोरच्याला आधी ‘म्म्म’ आणि मग ‘स्स्स’ म्हणायला सांगावं. यंत्रणा चालू केली की ‘म’ विरतो, ‘स’ होता तसाच राहतो. विमानात घरघर गेल्यावर शेजाऱ्याचं बोलणं उलट स्पष्ट ऐकू येतं, ते यामुळेच.

बिघाड ओळखण्याचीही एक खूण आहे. घरघर पुन्हा आली तर बोटाने वाटी कानावर दाबावी. दाबल्यावर गेली तर यंत्रणा ठीक आहे, गादीला फट पडली आहे. बहुतेकदा कारण असतं चष्म्याची काडी. प्रस्तुत लेखकाने जाड काडीचा चष्मा बदलून पातळ घेतला आणि रेल्वेच्या डब्यातली गुरगुर निम्म्याहून कमी झाली. आतल्या माइकवर चालणाऱ्या हेडफोनमध्ये वाटी जोरात दाबली किंवा अर्धी उचलली की कधी बारीक शीळ येते. वाटीतल्या हवेचं मोजमाप बदलल्याने सर्किट स्वतःच्याच आवाजाचा पाठलाग करू लागतं.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री हे सगळं एकदम अनुभवता येतं. खिडकीत बसून हेडफोन चालू केले की मागच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण आणि छताच्या पंख्याची घरघर नाहीशी होते. तेवढ्यात खाली कोणी सुतळी बॉम्ब लावतो. त्याचा दाब क्षणार्धात चढतो, आणि सर्किटला त्याच्याजोगा आकार सापडेपर्यंत तो कानापर्यंत पोचून गेलेला असतो. शिवाय एवढा मोठा दाब उलटा निर्माण करणं त्या इवल्या पडद्याला झेपणारंही नसतं. कानाला जेवढं संरक्षण मिळतं ते गादीचं. फटाक्यांजवळ उभं राहायचं असेल तर फोमचे इअरप्लग दोन्ही कानांत नीट बसवावेत.