पॅकेटवर पत्ता नाही, फक्त आकडा

1970च्या दशकात फ्रान्समध्ये संगणकांची दोन नेटवर्क शेजारी शेजारी वाढत होती आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. लुई पूझँ यांच्या सिक्लाद प्रकल्पात प्रत्येक पॅकेट सुटं असे. त्यावर पोचायच्या ठिकाणचा पूर्ण पत्ता असायचा आणि वाटेतला प्रत्येक स्विच तो वाचून पॅकेट पुढे ढकलायचा. आधी काय गेलं, नंतर काय येणार, याची नोंद तो ठेवत नसे. हे डेटाग्राम नेटवर्क. आजचं इंटरनेट याच वळणावर गेलेलं आहे. सरकारी टपाल-टेलिफोन खात्याला मात्र टेलिफोनसारखी शिस्त हवी होती: आधी जोडणी, मग बोलणं. त्यातून 1978 मध्ये ट्रान्सपॅक सुरू झालं. ते एक्स.25 या 1976 च्या मानकावर चालायचं.

एक्स.25 मधली जोडणी आभासी असते, म्हणजे दोन टोकांमध्ये अखंड तार कुणी राखून ठेवत नाही. राखून ठेवतात त्या फक्त स्विचमधल्या नोंदी. समजा, पॅरिसच्या एका कंपनीला मार्सेयच्या शाखेशी बोलायचं आहे आणि वाटेत पॅरिस, लियों, मार्सेय असे तीन स्विच आहेत. कंपनी आधी जोडणीची विनंती पाठवते. तिच्यावर शाखेचा पूर्ण क्रमांक असतो. तो 14 अंकांपर्यंत लांब असू शकतो. हे पहिलं पॅकेट पुढे सरकताना प्रत्येक टप्प्यावर एक मोकळा आकडा या जोडणीच्या नावे लावला जातो आणि स्विच तो लिहून घेतो:

```
स्विच      आत: लाइन, आकडा    बाहेर: लाइन, आकडा
पॅरिस        1,  40              3,   7
लियों        2,   7              5, 112
मार्सेय      4, 112              2,   1
```

यानंतरच्या पॅकेटना पत्ता लागतच नाही. कंपनीकडून 40 आकडा लावलेलं पॅकेट निघतं. पॅरिसचा स्विच 40 पुसून 7 लिहितो, लियों 7 चा 112 करतो, मार्सेय 112 चा 1. शाखेला दिसतो तो 1. आपलं पॅकेट 40 म्हणून निघालं होतं हे तिला कळत नाही, कळायची गरजही नाही. उत्तर येताना हाच तक्ता उलटा वाचायचा.

आकडा दर टप्प्याला बदलण्याचा खटाटोप कशाला? सगळीकडे 40च ठेवायचा, तर सगळ्या वाटेवर तो मोकळा आहे ना, हे आधी सर्वांना विचारावं लागेल, आणि मोठ्या नेटवर्कमध्ये ते कधीच संपणार नाही. खोली नंबर सात प्रत्येक चाळीत असतो, चाळीचं नाव ठाऊक असलं की गोंधळ होत नाही. इथे चाळीच्या जागी लाइन आहे. लियोंला लाइन 2 वरून आलेला 7 आणि लाइन 6 वरून आलेला 7 या वेगळ्या जोडण्या. म्हणून आकडा छोटा राहतो: एक्स.25 मध्ये 12 बिट, म्हणजे एका लाइनवर जास्तीत जास्त 4096. डेटाच्या पॅकेटचं एक्स.25 शीर्षक अवघ्या 3 बाइटचं असतं. आजच्या आयपी पॅकेटमध्ये, जुन्या चौथ्या आवृत्तीतसुद्धा, ते किमान 20 बाइटचं.

वर 40 आणि 1 हे आकडे उगाच घेतलेले नाहीत. ग्राहकाने फोन लावताना आपल्या वाट्यातला सर्वांत मोठा मोकळा आकडा घ्यायचा आणि नेटवर्कने ग्राहकाकडे फोन आणताना सर्वांत लहान, असा रिवाज होता. दोघे दोन टोकांनी उचलत आल्यामुळे टक्कर शेवटचा एकच आकडा उरल्यावरच व्हायची. तशी झालीच, तर ग्राहकाची विनंती पुढे जाई आणि येणारा फोन रद्द होई. मला ही युक्ती सगळ्या मानकातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

किंमत मोजावी लागते ती बिघाडात. लियोंचा स्विच बंद पडला की त्याचा तक्ता जातो आणि त्यातून जाणाऱ्या सगळ्या जोडण्या तुटतात. दोन्ही टोकांना पुन्हा पहिल्यापासून फोन लावावा लागतो. डेटाग्राममध्ये काही पॅकेट हरवतात, बाकीची दुसरी वाट धरतात आणि हरवलेली पुन्हा पाठवणं टोकाचे संगणक बघून घेतात.

दुसरा बिघाड जास्त फसवा. तक्त्यात 112 ऐवजी 121 पडलं, तर पॅकेट भलत्याच जोडणीत शिरतं, आणि त्यावर पत्ताच नसल्यामुळे घेणाऱ्याला ‘हे माझं नाही’ असं म्हणता येत नाही. एक्स.25 मध्ये प्रत्येक पॅकेटवर अनुक्रमांक असल्याने तो चुकला की जोडणी रीसेट होते, म्हणून शंका तरी येते. पुढे 1990च्या दशकात पसरलेल्या फ्रेम रिलेमध्ये हा आधारही नव्हता, आणि आकडे बहुतेक वेळा माणसंच भरत. तिथे सिस्कोच्या राउटरवर `show frame-relay pvc` दिल्यावर `DELETED` दिसलं, तर तो आकडा समोरच्या स्विचला माहीतच नाही, हे उघड. पण दोन शाखांचे आकडे अदलाबदल झाले असतील, तर दोन्हींपुढे `ACTIVE`च येतं. तेव्हा `show frame-relay map` देऊन त्या आकड्यासमोर कोणत्या शाखेचा आयपी पत्ता लागला आहे, ते पाहावं लागे.