दोन जीबी रॅमचा लॅपटॉप आणि लिनक्स

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या, 2 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडला की हार्ड डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही. लोक म्हणतात, प्रोसेसर म्हातारा झाला. पण बहुतेकदा खरी अडचण जागेची असते. विंडोज 10 नुसती सुरू होऊन बसली तरी रॅमचा निम्म्याहून अधिक भाग अडवते. उरलेल्या जागेत ब्राउझर मावत नाही, म्हणून रॅममधला मजकूर डिस्कवर ठेवायचा आणि लागला की परत आणायचा, असा खेळ सुरू होतो. फिरत्या चकतीची डिस्क रॅमच्या मानाने फारच संथ असते. Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर पाहा. मेमरी जवळजवळ भरलेली आणि डिस्क सतत 100 टक्क्यांवर दिसली, तर दुखणं हेच.

विंडोज 11 ला किमान 4 जीबी लागते आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यामुळे अशा लॅपटॉपवर मी लिनक्सच घालेन. मात्र कुठलंही लिनक्स घालून भागत नाही. ग्नोम डेस्कटॉपचं नेहमीचं उबुंटू इथे विंडोजइतकंच रखडेल. डेबियन घ्या आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप निवडा. रॅम 1 जीबीच असेल तर अँटीएक्स बरं. लॉगिन झाल्यावर टर्मिनलमध्ये `free -h` लिहा आणि `available` खालचा आकडा बघा. एक्सएफसीईवर तिथे साधारण एक जीबीहून जास्त जागा मोकळी दिसते, आणि ब्राउझर जगतो तो त्याच जागेवर.

आता झेडरॅम चालू करा. वापरात नसलेला मजकूर डिस्कवर पाठवण्याऐवजी तो दाबून, लहान करून रॅममध्येच ठेवला जातो. विंडोज 10 सुद्धा मेमरी अशी दाबते, पण मुळात तिचा स्वतःचाच पसारा मोठा.

```
sudo apt install zram-tools
```

मग `/etc/default/zramswap` या फाइलमध्ये `PERCENT=50` या ओळीपुढचं `#` काढा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. `sudo swapon --show` लिहिल्यावर `/dev/zram0` दिसलं की काम झालं.

तरीही ब्राउझरची भूक लिनक्सवर कमी होत नाही. तीन-चार जड टॅब उघडले की माउसचा बाण जागच्या जागी थिजतो. विंडोज रखडत का होईना चालत राहते, लिनक्स अशा वेळी पार गोठू शकतं. म्हणून टॅब मोजकेच ठेवा. जुन्या लॅपटॉपमध्ये रॅमचा दुसरा खाचा रिकामा असेल, तर वापरलेली डीडीआर3 पट्टी लावणं आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणं, यांनी पडणारा फरक कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठा.

टॅली किंवा श्रीलिपीवर रोजचं काम असेल तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. ती मुख्यतः विंडोजसाठी बनलेली आहेत. बाकीच्यांनी आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय, आवाज आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हे तपासावं. विशेषतः ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड अडतं. त्याचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. डेटाची प्रत काढल्याशिवाय डिस्क पुसू नये.